अण्णांचा फोन आणि माझा जुना लेख

२०२४ च्या सप्टेंबरात चार दिवसांची सुट्टी काढून पेडगावला गेलो होतो. सोयाबीन शेंगा भरण्याच्या बेताला आलं होतं आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यात काही झाडांची पानं पिवळी पडायला लागली होती. मी चहाचा थर्मास घेऊन रानात पोचलो, तेव्हा अण्णा बांधावर उन्हाकडे पाठ करून उभे होते. फोनवर हाताची सावली धरून काहीतरी टाइप करत होते.

"तिसऱ्यांदा भरायलोय मी हे," ते म्हणाले. "गाव लिहिलं, गट नंबर लिहिला, पेरणीची तारीख लिहिली. फोटो काढला की पुन्हा पहिल्यापासून मागायलंय."

खताच्या दुकानदारानं त्यांना एक ॲप दिलं होतं. त्यात पिकाची माहिती भरायची, पानाचा फोटो टाकायचा, की कुणीतरी तज्ज्ञ सल्ला देतो. मी शेजारी उभा राहून बघितलं. अण्णांनी सगळे रकाने भरले, कॅमेऱ्याचं चिन्ह दाबलं, पानाचा फोटो काढला, बरोबरची खूण दाबली. क्षणभर पांढरा पडदा आला आणि मग कोरा फॉर्म. गाव नाही, गट नंबर नाही, फोटोही नाही.

"माझंच कुठंतरी बोट चुकायलंय," अण्णा म्हणाले.

त्यांचं बोट कुठंही चुकत नव्हतं. मी पुण्यात हेच काम करतो. मोबाइलवरची ॲप लिहितो. फॉर्म का कोरा होतोय हे मला पांढरा पडदा दिसला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी लगेच काही बोललो नाही, कारण त्यांच्या हातातला फोन माझ्या सल्ल्यानं घेतलेला होता. आणि त्याच फोनवर मी एकदा एक लेख लिहिला होता.

लेख २०१९ चा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि कॉलेजच्या वार्षिक अंकाला मजकूर कमी पडत होता, म्हणून माझी दोन पानं छापून आली. विषय असा की फोनच्या खोक्यावरचे आकडे दरवर्षी वाढतात, पण माणसाच्या गरजा तिथंच राहतात. उदाहरण म्हणून मी अण्णांचा फोन घेतला होता. २०१८ च्या दिवाळीत घेतलेला, २ जीबी रॅम, १६ जीबी जागा, १३ मेगापिक्सेलचा कॅमेरा. अण्णा फोनवर काय काय करतात याची यादी केली होती. बोलणं, व्हॉट्सॲप, बॅटरी म्हणून उजेड, हवामान, बाजारभाव, रात्री थोडं कीर्तन, आणि पिकांचे फोटो. सात गोष्टी. १६ पैकी जवळपास ९ जीबी जागा मोकळी आहे, असंही मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. निष्कर्ष अर्थातच असा की यापुढचे सगळे आकडे म्हणजे कंपन्यांची शर्यत आहे, आपण त्यात पळायचं कारण नाही.

अण्णांनी तो अंक जपून ठेवला होता आणि माझा सल्लाही मानला होता. मधल्या वर्षांत धाकट्या काकांनी दोन फोन बदलले, अण्णांनी एकही नाही. त्यांच्या यादीत फार तर दोन गोष्टी वाढल्या. एक यूपीआय, आणि दुसरी ई-पीक पाहणी, जी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतःच रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावरची नोंद करायची. म्हणजे सातच्या नऊ गोष्टी झाल्या. तरीही फोन आता पुरेना झाला होता. माझ्या लेखानुसार असं व्हायला नको होतं.

त्या संध्याकाळी ओसरीवर बसून मी तो फोन तपासायला घेतला. आधी कॅमेरा, कारण आकड्यांची सगळ्यात मोठी उडी तिथंच आहे. २०१८ ला १३ होते, आज त्याच किमतीच्या फोनवर ५० किंवा १०८ लिहिलेलं असतं.

इथं माझा लेख बऱ्यापैकी बरोबर निघाला. ५० मेगापिक्सेल म्हणजे सेन्सरवर प्रकाश टिपणारे ५ कोटी ठिपके. पण या सेन्सरवर रंगीत काचेचा जो पातळ थर असतो, त्यात लागून असलेल्या चार ठिपक्यांवर एकाच रंगाची काच असते. म्हणजे रंग ओळखण्याच्या बाबतीत ते चार मिळून एकच. फोनही नेहमीच्या वापरात चारांचा एक ठिपका करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो साठवतो. १०८ वाल्यात बहुधा नऊ ठिपक्यांचा एक करतात, म्हणजे उरतात १२. याचा फायदा आहे, अंधारात फोटो कमी खरखरीत येतो. पण खोक्यावरचा आकडा चारपट झाला म्हणून फोटोतला तपशील चारपट झालेला नसतो.

आता तो फोटो पुढं कुठं जातो ते बघू. अण्णा तो व्हॉट्सॲपवर पाठवतात. नेहमीच्या पद्धतीनं पाठवला तर त्याची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर आणली जाते, म्हणजे १६०० गुणिले १२००, दोन मेगापिक्सेलपेक्षा थोडा कमी. समोरच्या माणसाच्या साध्या फोनचा पडदा ७२० ठिपके रुंद असतो. त्यावर उभा फोटो पूर्ण रुंदीत उघडला तर ७२० गुणिले ९६०, म्हणजे सात लाखांहूनही थोडे कमी ठिपके दिसतात. निघाले ५ कोटी आणि पोचले सात लाख.

अण्णांच्या १३ मेगापिक्सेलच्या फोनमधूनही सात लाखच पोचत होते. पानावरचे डाग नीट दिसत नसत, त्याचं कारण वेगळं होतं. ते फोटो वाऱ्यात, एका हातानं आणि फार जवळून काढायचे. कॅमेऱ्याच्या भिंगाला एक किमान अंतर लागतं, त्याच्या आत गेलं की चित्र धूसर येतं. मी त्यांना पान दुसऱ्या हातानं धरायला सांगितलं, फोन वीतभर मागं न्यायला सांगितलं आणि पडद्यावर पानावरच बोट टेकवायला सांगितलं. पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला, की तो आकसत नाही, पूर्ण जातो. त्याच जुन्या कॅमेऱ्यातून पानाच्या शिरांमधले पिवळे ठिपके स्वच्छ दिसले.

इथपर्यंत मी खूश होतो. मग जागेचा हिशोब बघितला.

१६ जीबीपैकी ०.३ जीबी शिल्लक होती. व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ ३.९, अण्णांनी स्वतः काढलेले फोटो १.२, त्यांनी टाकलेली चार-पाच ॲप मिळून १.३. यांची बेरीज साडेसहाच्याही आत येते. अँड्रॉइडची स्वतःची जागा ६ जीबीच्या आसपास, ती पहिल्या दिवसापासून तेवढीच. मग उरलेले तीन जीबी गेले कुठं?

याचं उत्तर फोन वापरणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं. फोनसोबत जी ॲप आधीपासून येतात, ती सिस्टिमच्या कुलूपबंद भागात बसवलेली असतात. वापरणाऱ्याला तो भाग फक्त वाचता येतो, बदलता येत नाही. अशा ॲपची नवी आवृत्ती आली, की ती जुनीच्या जागी बसू शकत नाही. ती तुमच्या मोकळ्या जागेत येऊन बसते आणि जुनी कुलपात तशीच पडून राहते. म्हणजे एकच ॲप दोनदा जागा खातं. ब्राउझर, नकाशे, व्हिडिओ, कीबोर्ड, आणि यातल्या अनेकांना आतून लागणाऱ्या सेवा, अशी वीस-पंचवीस ॲप सहा वर्षं दर महिन्याला थोडीथोडी फुगत गेली. अण्णांनी एकही नवी गोष्ट घेतली नाही, तरी त्यांची जागा संपली.

तुम्हाला हे स्वतः बघायचं असेल तर सेटिंग्जमध्ये अशा एखाद्या ॲपचं पान उघडा. जिथं इतर ॲपना `Uninstall` असतं, तिथं बहुतेक यांच्या मेनूत `Uninstall updates` दिसेल. ते दाबलं की ॲप जात नाही, फोन घेतला त्या दिवशीच्या आवृत्तीवर परत जातं आणि शेकडो एमबी मोकळे होतात. पण जुन्या आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या नसतात आणि काही दिवसांत अपडेट पुन्हा येतंच. त्यामुळं हे करून बघायला ठीक आहे, उपाय म्हणून नाही.

नवं ॲप टाकायलाही त्याच्या आकाराएवढी जागा पुरत नाही. ६० एमबीचं ॲप असेल तर ती फाइल उतरते, त्यातल्या काही गोष्टी सोडवून ठेवल्या जातात, फोनच्या प्रोसेसरसाठी काही भाग तयार करून ठेवला जातो. अपडेट असेल तर नवं बसेपर्यंत जुनंही जागेवर हवं असतं. म्हणून ३०० एमबी शिल्लक दिसत असूनही फोन "जागा नाही" म्हणतो आणि वापरणारा बिचारा नातवंडांचे फोटो पुसत बसतो. अण्णांनी माझ्या बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ पुसले होते. मला हे त्या संध्याकाळी कळलं.

आता कोरा फॉर्म. ॲपमधून कॅमेरा उघडला, की ॲप मागं जातं आणि कॅमेरा पुढं येतो. कॅमेऱ्याला भरपूर रॅम लागते. २ जीबीच्या फोनवर अर्ध्याहून जास्त रॅम सिस्टिमच वापरत असते. मग अँड्रॉइड मागं पडलेलं ॲप बंद करून त्याची रॅम कॅमेऱ्याला देतो. यात अँड्रॉइडची चूक नाही, तो असंच वागणार हे आम्हा ॲप लिहिणाऱ्यांना पहिल्या महिन्यात शिकवलेलं असतं. बंद होण्याआधी तो ॲपला विचारतो, काही जपून ठेवायचंय का? त्या वेळी गाव, गट नंबर, तारीख आणि फोटो कुठं साठवला जाणार आहे तो पत्ता, एवढं लिहून ठेवायचं. परत आल्यावर वाचायचं आणि रकाने पुन्हा भरायचे. काम अर्ध्या दिवसाचं. ज्यानं कुणी ते ॲप लिहिलं, त्यानं ते केलेलं नव्हतं.

का केलं नसेल, हेही मला माहीत होतं. त्याच्या टेबलावरचा फोन ८ किंवा १२ जीबीचा असणार. त्या फोनवर ॲप मागं गेलं तरी जिवंत राहतं, त्यामुळं ही चूक त्याला कधी दिसणारच नाही. ती दिसावी म्हणून अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शन्सखाली `Don't keep activities` नावाचं एक बटण आहे. ते चालू केलं की पडद्यावरून नजरेआड झालेलं प्रत्येक पान फोन लगेच मोडून टाकतो. हुबेहूब कमी रॅमच्या फोनसारखं नाही, पण अशा बहुतेक चुका त्यात उघड्या पडतात.

रात्री जेवणानंतर मी माझ्या फोनवर ते बटण चालू केलं आणि आमच्या कंपनीचं ॲप उघडलं. त्यातही एक फॉर्म आहे, कागदपत्राचा फोटो काढून जोडायचा असतो. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, फोटो काढला. पांढरा पडदा, मग कोरा फॉर्म. ते पान मीच लिहिलेलं होतं.

मी आणखी खोलात गेलो. फोटो काढल्यावर आम्ही तो फॉर्मवर एका छोट्या चौकटीत दाखवतो, ३६० गुणिले ४८० ठिपक्यांची चौकट. साठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, पण पडद्यावर दाखवायचा तर रॅममध्ये तो पूर्ण उलगडावा लागतो आणि तिथं प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात. अण्णांच्या १३ मेगापिक्सेलच्या फोटोला ५२ एमबी. चौकटीला खरं तर पाऊण एमबीसुद्धा लागत नाही. वाचतानाच लहान करून वाचायची सोय असते, दोन-तीन ओळींची. मी ती वापरली नव्हती, कारण माझ्या फोनवर काही अडत नव्हतं. कुणी ५० मेगापिक्सेलचा पूर्ण फोटो जोडला, तर तेवढ्याच चौकटीसाठी माझं ॲप २०० एमबी मागणार.

तेव्हा माझ्या लेखात काय राहून गेलं होतं ते कळलं. मी आकडे सुटेसुटे बघितले होते. प्रत्येक आकड्याला विचारलं होतं, तुझी गरज आहे का? पण ते एकमेकांना पोसतात. कॅमेऱ्याचा आकडा वाढला की फोटो जड होतो. जड फोटो हाताळायला जास्त रॅम लागते. रॅम वाढली की माझ्यासारख्याला काटकसर करायची गरज वाटत नाही आणि ॲप आणखी जड होतं. मग रॅम पुन्हा अपुरी पडते. या सगळ्यात अण्णांची गरज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे, पिवळ्या पानाचा एक फोटो. पास्कल भाषा घडवणारे निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्रं जितक्या वेगानं सुधारतात, त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर संथ होत जातं. कॉलेजात ते नाव परीक्षेपुरतं वाचलं होतं. ते सॉफ्टवेअर पुढं मीच लिहिणार आहे, हे तेव्हा सुचलं नव्हतं.

माणसाची गरज तेवढीच राहिली, हे मी खरं लिहिलं होतं. ती भागवायला लागणारा आकडा मात्र वाढत गेला, आणि तो वाढवणाऱ्यांत मीही होतो. "१६ जीबी पुरे" हा सल्ला २०१८ ला बरोबर होता. तो किती वर्षं बरोबर राहील, हे मी अण्णांना सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परभणीला फोन घ्यायला गेलो. दुकानदारानं दोन समोर ठेवले. एकावर १०८ मेगापिक्सेल आणि १२ जीबी रॅम. खाली बारीक अक्षरात ६ अधिक ६. त्यातले दुसरे ६ व्हर्च्युअल, म्हणजे साठवणुकीच्या जागेतलाच तुकडा रॅमसारखा वापरायचा. ती जागा खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी संथ असते आणि तेवढी साठवण कमी होते ती वेगळीच. मागं तीन भिंगं होती, पण त्यातली दोन २ मेगापिक्सेलची, संख्या भरायला लावल्यासारखी. सुरक्षेची अपडेट किती वर्षं मिळतील ते खोक्यावर नव्हतंच. दुकानदारालाही माहीत नव्हतं, कंपनीच्या साइटवर शोधलं तेव्हा दोन वर्षं निघाली. दुसऱ्या फोनवर ५० मेगापिक्सेल, ६ जीबी खरी रॅम, १२८ जीबी जागा आणि चार वर्षं अपडेट. किंमत जवळपास सारखी.

मी दोन्ही फोन घेऊन दुकानाबाहेर उन्हात गेलो. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला आणि अण्णांच्या हातात दिले. "कोणत्यावर वाचता येतंय?" दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच झळकत होते. बाहेर १०८ वाल्यावरची अक्षरं त्यांना दिसेनात. अण्णांचा फोनचा सगळा वापर बांधावर, भर दुपारी. आम्ही दुसरा घेतला.

येताना बसमध्ये मी त्यांना कोऱ्या फॉर्मचं कारण सांगितलं. कॅमेरा, रॅम, मागं पडलेलं ॲप, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं बोट नव्हतं चुकत."

"नाही अण्णा. लिहिणाऱ्याचं चुकलं होतं."

"मग त्याला सांग की."

त्या ॲपच्या पत्त्यावर मी मेल लिहिली, काय होतं आणि कुठं बदल करावा ते. उत्तर आलं नाही. आमच्या ॲपमधली चूक मी पुण्याला परतल्यावर पहिल्या सोमवारी दुरुस्त केली. अर्धा दिवस लागेल असं वाटलं होतं, दीड लागला.

अण्णांचा जुना फोन मी मागून घेतला. आता तो ऑफिसात माझ्या टेबलावर असतो, चार्जरला लावलेला, कोपऱ्यात काच तडकलेली. ॲपची नवी आवृत्ती बाहेर जाण्याआधी मी तो फॉर्म त्याच्यावर एकदा पूर्ण भरतो. गाव पेडगाव, मग फोटो, मग परत. गेल्या आठवड्यात पुन्हा कोरा पान आलं. टीममधल्या एकानं फोटोची चौकट मोठी केली होती आणि लहान करून वाचायच्या ओळी काढून टाकल्या होत्या. त्याच्या फोनवर सगळं नीट चालत होतं. मी त्याला माझ्या टेबलाशी बोलावलं आणि हा फोन हातात दिला. म्हटलं, तूच भरून बघ.